तीन मिनिटांचा निरोप

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये आणि एसटीच्या आगारांमध्ये निरोप समारंभांची गर्दी उडते. पूर्वी खेड्यापाड्यांत मुलाचं नाव शाळेत घालायला नेलं, की गुरुजी जन्मतारीख विचारत. आईबापांना ती सांगता येत नसे. मग वयाचा अंदाज बांधून गुरुजी वर्ष लिहीत आणि तारीख लिहीत १ जून, कारण शाळा जूनमध्येच सुरू व्हायच्या. नोकरीचं वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, पण ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा आहे तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे कागदोपत्री १ जूनला जन्मलेले हजारो लोक अठ्ठावन्नाव्या वर्षी ३१ मेला एकदम घरी जातात.

त्या दिवशी एकाच हॉलमध्ये चार-चार, पाच-पाच जणांचा सपत्नीक सत्कार असतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ होतो, मग भाषणं सुरू होतात. प्रत्येक वक्ता उत्सवमूर्तीला कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख आणि शिस्तप्रिय म्हणतो. नेमणूक कधी झाली, बदल्या कुठे कुठे झाल्या, बढती कधी मिळाली हे वाचून दाखवतो. शेवटी उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचं जावो असं म्हणून बसतो. पाच माणसांची ही भाषणं एकमेकांत बदलली, तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. माणसाने तीस-पस्तीस वर्षं एका जागी काम केलेलं असतं, आणि ते काम त्याच्या घरच्यांनी कधीही पाहिलेलं नसतं. पहिल्या रांगेत बसलेली बायको, मुलं, सुना यांना आपला माणूस कामावर कसा होता हे कळण्याची ही एकुलती एक संधी असते. ती विशेषणांमध्ये वाया जाते.

निरोपाचं चांगलं भाषण तीन मिनिटांत होतं आणि त्याचा सांगाडा साधा आहे. आधी सुरुवात, मग एक आठवण, आठवणीतून निघालेली एक इच्छा आणि शेवट. हे चार भाग बोलायचे या क्रमाने, पण लिहायचे मात्र या क्रमाने नाहीत. आठवण आधी शोधायची, कारण बाकीचे तिन्ही भाग तिच्यावर उभे राहतात. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहायची. बहुतेक लोक कागद घेतात आणि ‘सन्माननीय व्यासपीठ’ या शब्दांपासून लिहायला लागतात. तिथेच भाषण भरकटतं, कारण काय सांगायचं हे ठरण्याआधीच ते सुरू झालेलं असतं.

हे सगळं एका उदाहरणावर करून पाहू. घाटाखालच्या एका आगारातला एसटीचा वाहक घेऊ. हे उदाहरण मी समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, त्यातली माणसं कल्पनेतली आहेत. कामाच्या चालीरीती मात्र खऱ्या आहेत. आगारातली तरुण मुलं या वाहकांना मामा म्हणतात. मामांची जन्मतारीख १ जून, म्हणून ३१ मेला निरोप. बोलणारा आहे त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेला एक तरुण वाहक. त्याला सूत्रसंचालकाने सांगितलंय की, पाच जणांचा कार्यक्रम आहे, तीन मिनिटांत आटप. मराठीत सावकाश, ऐकू जाईल असं बोललं, तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे त्याच्या हातात तीनशेच्या आसपास शब्द आहेत. तीस वर्षांची नोकरी त्यात बसणार नाही, आणि ती बसवायचीही नाही.

पहिलं काम आठवण निवडण्याचं. आपल्या तरुण वाहकाला बसल्या बसल्या तीन आठवणी सुचल्या. पहिली २००५ च्या जुलैमधल्या महापुराची. मामांची गाडी रात्रभर पाण्यात अडकली होती आणि त्यांनी प्रवाशांना शेजारच्या गावातल्या शाळेत नेऊन ठेवलं होतं. प्रसंग मोठा आहे, ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येईल असा आहे. पण तेव्हा हा मुलगा नोकरीत नव्हता. त्याने तो प्रसंग ऐकलाय, पाहिलेला नाही. शिवाय मामांच्या बरोबरीचे दोन-तीन जण त्या दिवशी तोच प्रसंग सांगणार, आणि ते तिथे होते. म्हणून ही आठवण त्यांच्यासाठी सोडायची.

दुसरी आठवण हसवणारी आहे. तपासणी पथक गाडीत चढलं आणि ऐन वेळी मामांना वेबिल सापडेना. ते शेवटी त्यांच्याच डब्याच्या पिशवीत निघालं. आगारात हा किस्सा दहा वेळा सांगून झालाय आणि प्रत्येक वेळी सगळे हसलेत, मामाही हसलेत. पण आज समोर त्यांची सून बसलेली असेल, व्याही बसलेले असतील. चहाच्या टपरीवर मित्रांमध्ये जे हसू असतं, ते व्याह्यांसमोर तसंच राहत नाही. ज्याला निरोप देतोय त्याचा गोंधळ दाखवणारी गोष्ट त्याच्या घरच्यांसमोर सांगायची नाही, हा माझ्या मते या प्रकारातला एकमेव कडक नियम आहे.

तिसरी आठवण अगदी छोटी आहे, सुट्ट्या पैशांची. ती या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, आणि तिच्यात मामा काहीतरी करताना दिसतात. हीच घ्यायची. चांगल्या आठवणीला मोठेपणा लागत नाही. तिला जागा लागते, वेळ लागते, हातात धरता येईल अशी एखादी वस्तू लागते आणि त्या माणसाच्या तोंडचं एखादं वाक्य लागतं. एवढं असलं की ‘प्रामाणिक’ हा शब्द उच्चारावा लागत नाही, ऐकणारा तो आपला आपण म्हणतो. आणि जो शब्द ऐकणाऱ्याने स्वतः म्हटला, तो त्याच्या लक्षात राहतो.

आता भाषण पूर्ण वाचा. मग त्याचे सांधे उकलून बघू.

‘मामा, मामी आणि आगारातले माझे सगळे सोबती. मी वाहकाचं काम मामांच्या हाताखाली शिकलो. बारा वर्षांपूर्वी नेमणूक झाली तेव्हा पहिला महिना मी त्यांच्याच गाडीवर होतो. त्या महिन्यातली एक गोष्ट मला सांगायची आहे. ती मामींनाही ठाऊक नसावी.

‘घाटातल्या मुक्कामी गाडीवर आमची ड्युटी होती. पावसाळ्याचे दिवस. सकाळी परत निघताना गावातल्या एक आजी चढल्या, त्यांनी पन्नासची नोट दिली. तिकीट होतं सतरा रुपये. सुट्टे नव्हते, म्हणून मामांनी तिकिटाच्या मागे तेहेतीस लिहून दिलं. पुढे गाडी भरली. फाट्यावर आजी उतरल्या आणि पैसे घ्यायचे राहिले. आगारात हिशोबाला बसलो तेव्हा तेहेतीस रुपये जास्त आले. मामांनी ते रोकडीबरोबर भरून टाकले. मला वाटलं, विषय संपला.

‘चार दिवसांनी पुन्हा तीच ड्युटी लागली. रात्री साडेआठला गाडी गावात पोचली. मला भूक लागली होती. मामांनी बॅटरी घेतली आणि म्हणाले, चल. पावसात विचारत विचारत आम्ही आजींचं घर शोधलं. मामांनी स्वतःच्या खिशातून कागदात गुंडाळलेले तेहेतीस रुपये काढले. आजींना काही आठवेना, त्या पैसे घेईनात. मामा म्हणाले, आजी, मी लिहून दिलंय. परत येताना मला एवढंच म्हणाले, पोरा, सुट्टे नसले तर लिहायचं, पण लिहिलं की लक्षात ठेवायचं.

‘मामा, त्या घाटातून तुम्ही किती वर्षं गेलात, पण उभ्याने तिकिटं देत गेलात. माझी एक इच्छा आहे. यंदाच्या पावसात मामींना घेऊन त्या गाडीने या. खिडकीजवळ बसा आणि घाट बघा. रात्री गावात राहा. तुम्हाला जेवायला बोलावणारी घरं तिथे पुष्कळ आहेत.

‘उद्या १ जून. त्या मुक्कामी गाडीवर उद्या माझी ड्युटी आहे. तिकिटामागं लिहिलेलं मी लक्षात ठेवीन. मामा, नमस्कार करतो.’

हे भाषण थांबत थांबत बोललं, तर तीन मिनिटांच्या आत संपतं. थांबायला जागा ठेवलेली असते हेही महत्त्वाचं. मामींनी मामांकडे वळून बघितलं, तर बोलणाऱ्याला क्षणभर थांबता आलं पाहिजे.

सुरुवात पाहा. तिच्यात चार कामं झाली आहेत. ज्यांना निरोप द्यायचा त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आधी हाक मारली, मग सहकाऱ्यांना. बोलणाऱ्याचं त्या माणसाशी नातं काय ते सांगितलं, कारण पाहुण्यांपैकी निम्म्यांना हा मुलगा कोण हेच माहीत नसतं. एकच गोष्ट सांगणार आहे असं कबूल केलं, त्यामुळे आधीच्या भाषणांनी कंटाळलेला हॉल सावरून बसला. आणि ती मामींना ठाऊक नसावी असं म्हटल्याने सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं त्यात नाहीत. ती सूत्रसंचालकाने घेतलेली असतात, आणि आगार व्यवस्थापकांना आपलं नाव सहाव्यांदा ऐकण्यात काही रस नसतो. अगदी रिवाजच असेल आणि टाळता येत नसेल, तर ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ एवढ्या शब्दांत ते आवरावं.

सुरुवातीला आणखी एक वाक्य हमखास तोंडात येतं: मला बोलता येत नाही, पण दोन शब्द बोलतो. ते काढून टाका. त्याने सभेचं लक्ष उत्सवमूर्तीवरून बोलणाऱ्यावर येतं, आणि त्या दिवशी ते तिथे नको असतं.

आठवणीच्या भागात एक वाक्य असं आहे, की जे बाहेरच्या वाचकाला जादा वाटेल: मामांनी ते रोकडीबरोबर भरून टाकले. एसटीत काम केलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य गाळलं तर काय होईल ते तो सांगेल. वाहकाजवळची रोकड तिकिटांच्या विक्रीशी जुळावी लागते. कमी पडली तर अडचण, आणि जास्त निघाली तरीही विचारणा होते. हे वाक्य नसेल, तर आजींचे पैसे मामांनी चार दिवस स्वतःकडे ठेवले असा अर्थ निघेल, आणि ज्या गोष्टीने मामांची मान उंच व्हायची तिनेच समोरच्या अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडेल. ते वाक्य आलं की दोन गोष्टी एकदम कळतात. मामांनी नियम पाळला, आणि नियम पाळून झाल्यावर आजींचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. म्हणून आठवण लिहून झाली की, ती त्याच खात्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी ऐकवावी. दवाखान्यातल्या परिचारिकेची, बँकेतल्या रोखपालाची, शाळेतल्या शिपायाची, कुणाचीही आठवण असो, नियमाला वळसा घालून केलेलं चांगलं काम जाहीर सभेत सांगितल्याने कुणाला त्रास होणार नाही ना, एवढं बघून घ्यावं. शंका असेल तर ती आठवण त्या माणसाला एकट्याला सांगावी, सभेत दुसरी सांगावी.

याच भागात आकडे आहेत, पण नेमके तेवढेच आहेत. पन्नास, सतरा, तेहेतीस, साडेआठ. मामांची नेमणूक कोणत्या साली झाली, ते कोणत्या आगारातून कोणत्या आगारात आले, हे कुठेच आलेलं नाही. सेवापुस्तकातल्या तारखा त्या माणसाला पाठ असतात आणि बाकी कुणाला नको असतात. तेहेतीस रुपये मात्र हॉलमधून बाहेर पडताना प्रत्येकाच्या लक्षात असतील. रकमेचं लहानपण हेच त्या गोष्टीचं बळ आहे. तीच रक्कम तीन हजार असती, तर ती परत करण्यात कुणाला विशेष वाटलं नसतं.

मामांच्या तोंडचं वाक्य जसं ते बोलले तसं ठेवलंय. त्याला सुभाषिताचं रूप देण्याचा मोह फार होतो. ‘लिहिलेला शब्द हे वचन असतं’ असं काहीतरी मामांच्या तोंडी घालावंसं वाटतं. पण मामा तसं बोलत नाहीत हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि एक खोटं वाक्य शिरलं की आधीच्या खऱ्या गोष्टीवरही संशय येतो. नेमके शब्द आठवत नसतील, तर ते काय म्हणाले याचा आशय सांगावा, अवतरण देऊ नये. गोष्ट संपल्यावर तिचं तात्पर्यही सांगू नये. ‘यावरून मामांचा प्रामाणिकपणा दिसून येतो’ हे वाक्य इथे आलं असतं, तर ऐकणाऱ्याने स्वतः काढलेला निष्कर्ष त्याच्या हातून काढून घेतल्यासारखं झालं असतं.

इच्छा हा भाग सगळ्यात जास्त बिघडतो. कारण आठवण संपेपर्यंत बोलणारा भावनेच्या भरात असतो आणि तिथून तो सरळ ठरलेल्या वाक्यांवर उडी मारतो: आरोग्यसंपन्न दीर्घायुष्य लाभो, उर्वरित आयुष्य आनंदात जावो, दुसरी इनिंग यशस्वी होवो. यातलं ‘उर्वरित आयुष्य’ तर मला ऐकवत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या धडधाकट माणसासमोर उभं राहून तुझं किती उरलंय याचा उल्लेख का करायचा? दीर्घायुष्य हे कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे त्या शुभेच्छेवर माणूस फक्त मान हलवू शकतो. चांगली इच्छा अशी असते की, ती पुरी करणं त्या माणसाच्या हातात असतं, आणि ती आठवणीतूनच निघालेली असते. मामांसाठीची इच्छा त्याच घाटातून, त्याच गाडीतून, त्याच गावातून आली आहे. ती याच वर्षीच्या पावसाळ्यात पुरी होऊ शकते. आणि तिच्यात मामी आहेत, ज्यांनी तो घाट कदाचित एकदाही पाहिलेला नाही. मुक्कामाच्या रात्री घरी एकट्या असणाऱ्या बाईला त्याच गावात मुक्कामाला बोलावणं, याच्यापलीकडे तिचे वेगळे आभार मानायची गरज उरत नाही.

ती इच्छा आठवणीतून निघालीय की नाही, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. इच्छेचा परिच्छेद उचलून त्याच दिवशी निवृत्त होणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या भाषणात ठेवून बघा. तिथेही तो बसला, तर पुन्हा लिहा.

इच्छा ठरवताना थोडी चौकशीही लागते. ज्याच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्याला गड चढून या असं म्हणायचं नाही. ज्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्याला आता मोकळे झालात, खूप फिरा, असं म्हणायचं नाही. मुलाच्या नोकरीची, मुलीच्या लग्नाची, नातवंडांची इच्छा तर व्यक्तच करू नये. त्या घरात त्या विषयावर काय चाललंय हे आपल्याला माहीत नसतं. एखादा माणूस नाइलाजाने, आजारपणामुळे किंवा वादातून नोकरी सोडून जात असेल, तर आनंदाच्या शुभेच्छा त्याला टोचतात. तिथे इच्छेचा भाग एका वाक्यावर आणावा आणि आठवणीला जास्त जागा द्यावी. कामाची आठवण सांगणं अशा वेळीही खरंच असतं.

शेवटाला आपल्या वाहकापुढे मोठा मोह होता. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. आगारातल्या निरोप समारंभात कुणी ना कुणी आयुष्याच्या गाडीला डबल बेल देतोच, आणि टाळ्याही मिळवतो. ते वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते सगळ्यांचं आहे, या मुलाचं नाही. त्याने त्याऐवजी उद्याची ड्युटी सांगितली. निवृत्त होणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो, जो तो कुणाला विचारत नाही: माझ्यामागे माझ्या कामाचं काय होणार? त्या गाडीवर उद्या मी आहे आणि तुम्ही शिकवलेलं मी करणार आहे, हे त्याचं उत्तर आहे. शेवटात बोलणाऱ्याने एखादी गोष्ट कबूल करावी आणि ती आपल्याच्याने होण्याजोगी असावी. ‘तुमची उणीव कायम भासेल’ यात कबुली नाही. ‘तुमच्या आदर्शावर चालू’ ही कबुली आहे, पण तिचं पुढे काय झालं हे कुणालाच तपासता येत नाही.

शेवटचं वाक्य आधी शब्दशः ठरवून ठेवावं. भाषण लांबतं ते मधे नाही, शेवटी लांबतं. माणसाला संपवायचं असतं, पण संपवायचं वाक्य सापडत नाही, म्हणून तो ‘आणखी एक सांगतो’ म्हणत पुन्हा सुरू होतो. ‘मामा, नमस्कार करतो’ हे वाक्य पाठ असलं की, गळा दाटून आला तरी तिथपर्यंत पोचता येतं आणि तिथे थांबता येतं. त्यानंतर ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणायची गरज नाही. खाली उतरावं, नमस्कार करावा.

कागद हातात घेऊन बोलायला अनेकांना संकोच वाटतो. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर निरोपाचं बोलला, तेव्हा त्याच्या हातात आभार मानायच्या नावांची यादी होती, आणि ती आपण का आणली हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. कुणाचं नाव राहू नये म्हणून. पहिलं नाव त्याने वडिलांचं घेतलं. लाखो लोकांनी ते ऐकलं, आणि कागद हातात असल्याने त्यातलं काहीही कमी झालं नाही. जो निघून जातो त्याला नावांची यादी लागते, कारण त्याला अनेकांचे आभार मानायचे असतात. निरोप देणाऱ्याला यादी लागत नाही, त्याला एकाच माणसाबद्दल बोलायचं असतं. पण कागद त्यालाही चालतो. त्यावर पूर्ण भाषण लिहावं, दोन-तीनदा मोठ्याने वाचावं आणि उभं राहिल्यावर पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं कागदावर न बघता बोलावं. आठवण पाहिलेली असल्याने ती आपोआप येते. घड्याळ लावून वाचताना साडेतीन मिनिटं होत असतील, तर आठवणीतली वाक्यं कापू नका. आधी सुरुवातीतली आणि मग इच्छेतली कापा.

कधी कधी मात्र आपल्याजवळ आठवणच नसते. नवीन आलेल्या अधिकाऱ्याला अशा माणसाला निरोप द्यावा लागतो, ज्याला तो जेमतेम चार महिने ओळखतो. तेव्हा विशेषणांचा आधार घेऊ नये. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी त्या माणसाबरोबर बारा-पंधरा वर्षं काम केलेल्या कुणाजवळ तरी बसावं आणि विचारावं: यांनी कधी कुणाला न सांगता काय केलं? ‘ते कसे होते’ असं विचारलं, तर पुन्हा मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष हीच उत्तरं येतील. ‘काय केलं’ विचारलं की तिकिटामागचे तेहेतीस रुपये बाहेर येतात. ती गोष्ट सांगताना ती कुणाकडून ऐकली हे सभेत नाव घेऊन सांगावं. सांगणाऱ्याचाही मान राहतो, आणि साहेबाने आपल्याबद्दल मुद्दाम चौकशी केली हे निघालेल्या माणसालाही कळतं.

तुमच्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात पुढचा निरोप समारंभ कधी आहे हे तुम्हाला आत्ताच माहीत असेल; निवृत्तीच्या तारखा वर्षानुवर्षं आधी ठरलेल्या असतात. त्या माणसाची एक आठवण आजच लिहून काढा, कारण आदल्या रात्री फक्त विशेषणं आठवतात. आणि भाषण झालं की कागद खिशात घालून घरी नेऊ नका. तो त्यांच्या घरच्यांच्या हातात द्या.